झेंडा – विचारून घेणे

एका बाईवर खोटा आळ आला होता. तो पुसला जावा म्हणून तिनं बारा वर्षं वाट पाहिली, आणि ज्या दिवशी तो पुसला जाणार होता, त्याच दिवशी मी तो पुन्हा ठळक करून ठेवला. लाऊडस्पीकरवरून, गावासमोर, तिच्याच गौरवाच्या भाषणात. भाषण वाचलं दुसऱ्यानं, पण लिहिलं होतं मी. कुणी घाई केली नव्हती, कुणी दबाव आणला नव्हता. उलट एका माणसानं कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून बजावलं होतं, की हे विचारून घ्या. मी विचारलं नाही. मला विचारायची गरज वाटली नाही.

तेव्हा मी छप्पन्न वर्षांची पोर होते. पोरच म्हणते, कारण अक्कल त्याच वयाची होती. आज नांदेडात लेकाच्या घरी गॅलरीत बसून नातवंडांना शिकवणी देते, तेव्हा त्या छप्पन्न वर्षांच्या पोरीची आठवण आली की मला तिला कोपऱ्यात उभं करावंसं वाटतं. डोळ्यावर सोनेरी काडीचा चष्मा, पर्समध्ये लाल आणि निळा असे दोन पेन, आणि तोंडावर असा भाव, की मराठी भाषा हिच्याच माहेराहून आंदण आलेली.

आधी मी हिमायतनगरकडच्या शाळेत होते. नवऱ्याची नोकरी लातुरात, म्हणून बदली मागून मागून शेवटी रेणापूर तालुक्यातली एक जिल्हा परिषदेची प्रशाला मिळाली. तिथं मराठी शिकवायला दोन तुकड्या, आणि निरोपाची भाषणं लिहायला सगळा तालुका. कुणी निवृत्त व्हायचं झालं की लोक कागद घेऊन माझ्याकडं यायचे. कागदावर मुद्दे असायचे, तुटक, वाकडेतिकडे. त्यांचं भाषण मी करून द्यायची. वाचणारा दुसराच कुणीतरी, बहुतेक वेळा मुख्याध्यापक. हा माझा धंदा नव्हता, माज होता.

माझ्याकडं एक वही होती. तिच्यात वाक्यं जमवलेली. निवृत्तीची वेगळी, बदलीची वेगळी, शोकसभेची वेगळी. 'कार्याचा सुगंध दरवळत राहील' हे निवृत्तीच्या पानावर होतं आणि शोकसभेच्याही. एकदा एका जित्याजागत्या गुरुजींना मी 'त्यांची उणीव भरून न निघणारी आहे' असं म्हणून मोकळी झाले होते. गुरुजी समोर हार घालून बसलेले. त्यांच्या मंडळींनी माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, त्यावरून शहाणी बाई असती तर वही चुलीत घातली असती. मी वहीला नवं कव्हर घातलं.

आमच्या प्रशालेत एक मावशी होत्या. पदाचं नाव परिचर, पण शाळेत शिपाई पुरुष असला की मामा, बाई असली की मावशी, तिसरं नाव नाही. नवरा याच शाळेत शिपाई होता, तो गेल्यावर त्याच्या जागी अनुकंपावर लागलेल्या. सातवी शिकलेल्या. घंटा, पाणी, झाडलोट, टपाल, आजारी पोराला घरी पोचवणं, सगळं त्यांच्याकडं. बोलणं मोजकं. मी शाळेत आल्यापासून त्यांनी मला दोनच प्रश्न विचारले होते: चहा घेता का, आणि तास संपला का.

त्या साठीला पोचल्या. महिन्याच्या अखेरीस निवृत्ती, शनिवारी सकाळच्या शाळेनंतर कार्यक्रम ठरला. गुरुवारी मधल्या सुट्टीत शाळेतले लिपिक माझ्याकडं आले. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. तेरा वर्षं त्याच खुर्चीत बसलेले, शाळेतली प्रत्येक फाईल आणि प्रत्येक भानगड त्यांना ठाऊक. त्यांनी फुलस्केपचा एक कागद माझ्यासमोर ठेवला.

"मॅडम, मावशीचे मुद्दे काढलेत. तिला इचारून, थोडे माझ्या मनानं. याचं भाषण करून द्या. सर वाचतेल."

सर म्हणजे मुख्याध्यापक. ते वर्षभरापूर्वीच बदलून आलेले, गणिताचे, सज्जन, आणि मराठीला घाबरणारे.

मी कागद पाहिला. मुद्दे असे होते, जसे किराणा दुकानाच्या यादीत असावेत. सातवी पास. अनुकंपा. घंटा – एकदाही चुकली नाही. पाणी – दुष्काळ. चष्मा. ताप आलेली पोरं. दोन पोरी, एक पोरगा – शिकवले. त्यानंतर एक ओळ जरा जागा सोडून, पेन दाबून लिहिलेली: झेंडा – विचारून घेणे. आणि शेवटी: शुभेच्छा.

"एवढंच?" मी म्हणाले.

"एवढंच हाय. ते झेंड्याचं तेवढं तिला इचारून घ्या मॅडम. मी लिहिलं न्हाई सगळं. कार्यक्रमाला केंद्रप्रमुख सायेब यायलेत."

केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या दहाबारा शाळांवर देखरेख करणारे साहेब, येणार याचा आणि मुद्दा अर्धा लिहिण्याचा काय संबंध, हे कुठल्याही माणसाला विचारावंसं वाटलं असतं. मला वाटलं नाही. मला भाऊसाहेबांच्या अक्षराची कीव वाटत होती.

आता इतक्या वर्षांनी, मुद्द्यांचं भाषण कसं करतात हे मला थोडं कळलंय, म्हणून सांगते. मुद्दा ही गोष्ट ज्यानं लिहिली त्याच्यापुरती असते. त्याला 'चष्मा' एवढं लिहिलं की सगळं आठवतं. बाकीच्यांना त्यातून चष्मा तेवढा दिसतो. भाषण करणाऱ्याचं पहिलं काम लिहिणं नाही, चौकशी करणं आहे. कोणता चष्मा, कुणाचा, कधी, पुढं काय झालं. चार माणसांना विचारावं तेव्हा एक वाक्य हाती लागतं. आणि ते वाक्य दुसऱ्याच्या तोंडून लोकांच्या कानात जायचं असतं, म्हणजे एका श्वासात मावलं पाहिजे. ऐकणाऱ्याला मागं वळून पुन्हा वाचता येत नाही.

हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी त्याला माझी वही दाखवली असती.

मावशी माझ्या वर्गापासून वीस पावलांवर घंटेखाली स्टुलावर बसलेल्या असायच्या. वीस पावलं. मी घरी गेले, चहा ठेवला, वही उघडली आणि संध्याकाळच्या जेवणाआधी चार पानं लिहून काढली.

'घंटा' या मुद्द्याचं मी केलं, 'काळाच्या अखंड प्रवाहाला ज्यांनी आपल्या मनगटाने ताल दिला.' 'पाणी – दुष्काळ' याचं केलं, 'तृषार्त जीवांच्या ओठी जणू अमृतधाराच.' खरी हकीगत अशी होती, की लातूरकडं पाण्याची आणीबाणी होती त्या उन्हाळ्यात मावशी पहाटे टँकरमागं उभ्या राहून दोन घागरी स्वतःच्या घरच्या पाण्यातून शाळेच्या माठात ओतायच्या, कारण दहावीचे जादा तास चालू होते. दोन घागरी. हे तसंच सांगितलं असतं तर मंडपातल्या प्रत्येक बाईला कळलं असतं की दोन घागरी म्हणजे काय. अमृतधारा कुणी डोक्यावर वाहिलेल्या नसतात.

'चष्मा' पाशी मी थोडी अडले. मग लिहिलं, 'त्यांची दूरदृष्टी वाखाणण्याजोगी होती.' आणि स्वतःवरच खूश झाले. पुढं कळलं, की सहावीतल्या एका पोरीला गुरुजी रोज मारायचे, फळ्यावरचं चुकीचं उतरवते म्हणून. मावशींनी पाहिलं की पोरगी घड्याळाचा काटा बघायला अगदी त्याच्याखाली येऊन उभी राहते. त्यांनी गुरुजींना सांगितलं, हिला दिसत न्हाई. तिच्या बापासोबत लातूरच्या सरकारी दवाखान्यात जाऊन चष्मा करून आणला. ती पोरगी आता नर्स आहे. आणि मी लिहिलं, दूरदृष्टी.

मग झेंडा. विचारून घेणे, असं समोर लिहिलेलं. मी मनाशी म्हणाले, झेंड्याचं त्यात काय विचारायचं. शाळेतली मावशी, झेंडा धुऊन इस्त्री करून ठेवत असेल, बांधत असेल, फडकवायला दोरी हातात देत असेल. देशभक्तीचा मुद्दा आहे, इथं टाळ्या पडतात. म्हणून मी दोन्ही हातांनी लिहिलं. ते वाक्य मला पाठ आहे, कारण शिक्षा म्हणून मी ते पाठ ठेवलंय: 'ज्या हातांनी बांधलेला तिरंगा या प्रांगणात वर्षानुवर्षे दिमाखाने फडकला, ज्या हातांवर शाळेने राष्ट्रध्वजाची पवित्र दोरी निःशंकपणे सोपवली, त्या हातांना आज आपण त्रिवार वंदन करू या.' त्याच्यापुढं कंसात लिहिलं, 'येथे थोडे थांबावे.' म्हणजे टाळ्यांसाठी.

शुक्रवारी रेणापूरला जाऊन टायपिंग करून आणलं. भाऊसाहेब व्हरांड्यात भेटले.

"झेंड्याचं इचारलं का मॅडम?"

"झालंय सगळं," मी म्हणाले.

हे खोटं नव्हतं. सगळं झालंच होतं.

शनिवारी मैदानात मंडप. शाल, श्रीफळ, साडी, फेटे, मागं आचाऱ्याची कढई. मावशी डाळिंबी लुगडं नेसून पहिल्या खुर्चीवर ताठ बसलेल्या. त्यांनी आपली माणसं मुद्दाम समोर बसवली होती: मुलगा, सून, सुनेचे आईवडील, आणि आमच्याच शाळेत पाचवीला असलेला नातू. मला तेव्हा वाटलं, काय हौस आहे. व्यासपीठावर मुख्याध्यापक, सरपंच आणि प्रमुख पाहुणे केंद्रप्रमुख. केंद्रप्रमुख पूर्वी याच शाळेत शिक्षक होते, बढती मिळून गेलेले. गुलाबी फेटा, बोटात खड्याची अंगठी. सूत्रसंचालन अर्थातच मी. आभारही मीच मानणार. माइक दुसऱ्याच्या हाती गेला की मला अंगावर काटा यायचा.

मुख्याध्यापकांनी माझी चार पानं पहिल्यांदा पाहिली ती माइकसमोर उभं राहून. तालीम करून घ्यावी, निदान एकदा मोठ्यानं वाचून घ्या म्हणावं, हे मला सुचलं नाही. त्यांनी सुरुवात केली आणि पहिल्याच वाक्यात त्यांचा दम संपला. वाक्य पाच ओळींचं होतं. कर्ता वर राहिला, क्रियापद खाली, मधे सर गुदमरून मेले. 'तृषार्त' शब्दाशी ते दोनदा झटले, तिसऱ्यांदा त्याला वळसा घालून गेले. लोक ऐकत नव्हते. आचाऱ्याच्या कढईत भजी पडल्याचा आवाज माझ्या भाषणापेक्षा सगळ्यांना जास्त समजत होता.

मग ते झेंड्यापाशी आले. वाक्य त्यांनी पूर्ण वाचलं, आणि त्याच सुरात पुढं वाचलं, "येथे थोडे थांबावे."

मला वाटलं हसू त्याचंच आहे. मागून खसखस पिकली होती. पण ती थांबेना, पसरत गेली. बायकांच्या बाजूनं कुणीतरी पदर तोंडाला लावला. आणि मागच्या रांगेतून एक आवाज आला, "कसा फडकला, ते बी सांगा की."

केंद्रप्रमुखांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात आधी आणि सगळ्यात जोरात. बाकीच्यांनी मग वाजवल्या.

मी मावशींकडं पाहिलं. त्या अजून ताठच बसलेल्या होत्या, पण नजर समोरच्या माणसांवरून काढून मांडीवरच्या नारळावर ठेवलेली. त्यांची सून आईच्या कानाशी काहीतरी बोलत होती. नातू खुर्चीवरून उठून मंडपाबाहेर निघून गेला.

मी मंडपाच्या कडेला गेले. भाऊसाहेब लाऊडस्पीकरच्या पेटीजवळ उभे होते.

"काय झालं?" मी विचारलं.

ते माझ्याकडं बघायला तयार नव्हते. "इचारलं म्हणला होतात मॅडम."

मग त्यांनी हळू आवाजात सांगितलं. बारा वर्षांमागं, मी या शाळेत यायच्या आधी, सव्वीस जानेवारीला तेव्हाच्या सरपंचांनी दोरी ओढली, फुलं खाली पडली आणि झेंडा उलटा उघडला. हिरवा वर, केशरी खाली. निम्म्या पोरांनी राष्ट्रगीत सुरू केलेलं, निम्मी बोट दाखवून राहिलेली. सरपंच भडकले, कुणी बांधला म्हणून विचारलं. खांबापाशी दोरी धरून मावशी उभ्या होत्या. गुरुजींपैकी एकानं सांगितलं, मावशीनं. नोटीस निघाली. माफीनामा लिहून पुढं ठेवला. सही कर, मिटून जाईल, म्हणाले. मावशींनी सही केली. मिटलं ते बाकीच्यांचं. मावशींचं नाव गावात 'उलट्या झेंड्याची' पडलं. नातू शाळेत आला तर पोरं त्यालाही तेच म्हणायची. कालपरवा सुनेशी भांडण झालं, तर सूनही तेच बोलली.

"मग बांधला कुणी होता?"

भाऊसाहेबांनी व्यासपीठाकडं पाहिलं. गुलाबी फेट्याकडं. "कपाटातून काढून मी त्यांच्याच हातात दिला होता. क्रीडाशिक्षक रजेवर होते त्या दिवशी."

"तुम्ही बोलला नाहीत?"

"न्हाई बोललो," ते म्हणाले. "माझी नौकरी नवी होती. आता मावशीनं एकच गोष्ट मागितली होती. म्हणली, साडी नगं, शाल नगं, त्याच भोंग्यावरून तेवढं सांगा. मला कागदावर लिहायची हिंमत झाली न्हाई, ते सायेब कागद मागून घेतेल म्हणून. म्हणून लिव्हलं, इचारून घेणे."

तिकडं सत्कार चालला होता. सरांनी शाल घातली, साडी दिली आणि माझी चार पानं प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून मावशींच्या हाती दिली. रिवाजाप्रमाणे पुढं सत्कारमूर्तीचं मनोगत असतं. पण केंद्रप्रमुख माझ्याकडं बघून म्हणाले, "मावशींना बोलायचा सराव नाही, उगाच त्रास नको. वेळ पण झालाय, आभार घ्या मॅडम." इतर दिवशी मी घेतले असते. चार निरोप समारंभांत मी शिपायांची मनोगतं अशीच खाऊन टाकली होती, पाहुण्यांच्या जेवणाची वेळ झाली म्हणून.

मी सरपंचांना दोन शब्द बोलायची विनंती केली. हा मनुष्य दोन शब्द म्हटलं की पंधरा मिनिटं बोलायचा. आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचा उपयोग झाला. मी जाऊन मावशींच्या खुर्चीशेजारी उकिडवी बसले.

"मावशी, माझं चुकलं. मी विचारलं नाही."

त्यांनी मान हलवली. हो म्हणून की राहू द्या म्हणून, कळलं नाही.

"आता सांगा. आभारात मी वाचते."

"आता कशाला. झालं की."

"सांगा."

त्या सरपंचांकडं बघत म्हणाल्या, "मी बांधला न्हाई. मला बांधता बी येत न्हाई. मी निस्ती दोरी धरून हुबी होते."

माझ्याजवळ निमंत्रणपत्रिका होती. तिच्या पाठीवर मी लिहायला लागले आणि सवयीनं लिहिलं, 'गैरसमजातून घडलेल्या एका दुर्दैवी प्रसंगी मावशींच्या मनाला झालेल्या क्लेशांबद्दल.' दबक्या आवाजात त्यांना वाचून दाखवलं.

"हे काय हाय?" मावशी म्हणाल्या.

"तेच आहे. जरा बरं करून."

"बरं नगा करू बाई. लोकाला कळत न्हाई. मघाशी बी कुणाला कळलं न्हाई, झेंडा सोडून."

मी ते खोडलं. त्या बोलत गेल्या, मी लिहीत गेले. एक वाक्य झालं की त्या थांबायच्या, आणि मी लिहिलेलं ओठांनी पुटपुटून बघायच्या. "सही माझी हाय ते बी लिव्हा," म्हणाल्या. मी म्हणाले, ते कशाला, ते तुमच्या विरोधात जाईल. तर म्हणाल्या, "समद्यांना म्हाईत हाय सही हाय म्हणून. ते न्हाई सांगितलं तर बाकीचं खोटं वाटंल." तीस वर्षं मुलांना निबंध शिकवणाऱ्या बाईला ही गोष्ट घंटा वाजवणाऱ्या बाईनं सांगितली.

"आणि बांधला कुणी, ते?" मी विचारलं.

"ते ज्याचं त्याला ठावं. मला माझं सांगायचंय."

सरपंच थांबले. मी माइकपाशी गेले. कार्ड छोटं, अक्षर गिचमिड, आणि समोरून गुलाबी फेटा माझ्याकडं बघून हसत होता, लवकर आटपा असं. वही उघडली असती तर तिथून पळ काढायला चांगली पन्नास वाक्यं सापडली असती. मी आभारांची यादी बाजूला ठेवून वाचलं.

"मघाच्या भाषणात झेंड्याचं जे वाक्य होतं, ते मी लिहिलं. ते खोटं आहे. मी कुणाला न विचारता लिहिलं. त्या सव्वीस जानेवारीला झेंडा मावशींनी बांधला नव्हता. त्यांनी कधीच बांधला नाही. त्या दोरी धरून उभ्या होत्या. माफीनाम्यावर सही त्यांची आहे. लिहिला दुसऱ्यानं, आणि सही कर म्हणून सांगितलं, म्हणून त्यांनी केली."

इतकंच होतं. वाचायला अर्धं मिनिट लागलं नसेल. एकाही ठिकाणी माझा श्वास तुटला नाही. आचारीसुद्धा झारा हातात धरून ऐकत उभा होता.

मागच्या रांगेतला तोच आवाज म्हणाला, "मग बांधला कुणी?"

माझ्या शौर्याची हद्द कार्डाच्या कडेपर्यंतच होती. पण पेटीपाशी उभे असलेले भाऊसाहेब मान खाली घालून, बिनमाइकचे बोलले, "कपाटातून झेंडा मी काढून दिला होता. मावशीच्या हातात न्हाई दिला."

त्यांनी नाव घेतलं नाही. गावाला नावाची गरज नव्हती. तेव्हा कोण कोण गुरुजी होते हे सगळ्यांना पाठ. एकेक मान वळायला लागली. केंद्रप्रमुखांनी पाणी मागितलं, अर्धा ग्लास प्याले आणि घड्याळ बघितलं. त्यांना दुसऱ्या शाळेला भेट द्यायची होती म्हणे. शनिवारी दुपारी दोन वाजता, जेव्हा जिल्ह्यातल्या एकाही शाळेत कुत्रंसुद्धा नसतं. ते न जेवता गेले. फेटा मात्र डोक्यावर ठेवूनच गेले.

मी त्यांना काय बोलणार. बारा वर्षं ते गप्प बसले, ती त्यांची लाज. मी विचारायला वीस पावलं चालले नाही, ती माझी. तोलून पाहिलं तर माझं पारडं फार वर जात नाही.

पंगत बसली. सुनेनं सासूच्या ताटात बुंदी वाढली, न मागता, दोनदा. नातू कुठूनतरी परत आला होता आणि आजीला चिकटून जेवत होता. मला कुणी वाईट बोललं नाही. मुख्याध्यापक तर म्हणाले, मॅडम, ते शेवटचं फार छान लिहिलं होतं, आधीच असं का नाही दिलं, मला वाचायला सोपं गेलं असतं. यावर मी एक भजं तोंडात कोंबलं.

हात धुऊन मी मावशींपाशी गेले. सरपंचांच्या भाषणापेक्षा लांब माफी मनात तयार होती, शब्द निवडलेले, विशेषणं रांगेत उभी. मावशींनी मला ती सुरूही करू दिली नाही. प्लॅस्टिकचा फोल्डर उघडून त्यांनी टाईप केलेली चार पानं बाहेर काढली, नीट सरळ केली, माझ्या हातात दिली, आणि दुसरा हात पुढं करून म्हणाल्या,

"ती पत्रिका द्या बाई मला, घरी ठिवायची हाय. ही चार पानं तुमच्यापाशीच राहू द्या. दुसऱ्या कुणाच्या बी नावानं वाचता येतेल."